रस्सा उकळतो, कांदा उकळत नाही

मटण थाळीत दोन वेगळ्या वाटांनी आलेले पदार्थ एकाच ताटात बसतात. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुके मटण चांगले तासभर आचेवर राहून आलेले असते. कांद्याच्या चकत्या, लिंबाची फोड आणि रश्श्यावर वरून भुरभुरलेली कोथिंबीर मात्र सुरीखालून थेट ताटात येते. जेवणानंतर कोणाचे पोट बिघडले की पहिला संशय मटणावर जातो. शिळे असेल, कच्चे राहिले असेल, तेल जास्त असेल, असे तर्क चालतात. कांद्याचे नाव कोणी घेत नाही.

खरे तर नीट शिजवून गरम गरम वाढलेल्या मटणाची काळजी त्या ताटात सर्वांत कमी करावी लागते. मांस अगदी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला तापले की त्यातले नेहमीचे रोगजंतू मरतात, आणि उकळता रस्सा त्याहून बराच गरम असतो. पण हेच मांस कच्चे असताना ज्या बोर्डवर कापले, त्याच बोर्डवर नंतर कांदा चिरला, तर मांसावरचे जंतू कांद्यावर चढतात. मांस पुढे आचेवर जाते, कांदा जात नाही. एका पदार्थावरचे जंतू असे हात, सुरी, बोर्ड किंवा फडक्यामार्फत दुसऱ्या पदार्थावर जाण्याला हॉटेलच्या किचनमध्ये क्रॉस कंटॅमिनेशन म्हणतात. तिथे भिंतीलगत स्टँडमध्ये उभे असलेले लाल, निळे, हिरवे, पिवळे चॉपिंग बोर्ड ही वाट तोडण्यासाठी असतात.

वासही नाही, बुळबुळही नाही

अन्न खराब होण्याचा एक प्रकार घराघरात माहीत असतो. वरण रात्रभर बाहेर राहिले, सकाळी आंबूस वास आला, फेकून दिले. तिथे जंतूंना वाढायला वेळ लागतो आणि नाक व जीभ अनेकदा आधीच सावध करतात. क्रॉस कंटॅमिनेशनमध्ये वेळ लागत नाही आणि कसला वासही येत नाही, कारण काही जंतूंना आजारी पाडण्यासाठी वाढावेच लागत नाही. नुसते पोचले तरी पुरते.

कच्च्या चिकनवर नेहमी आढळणारा कॅम्पिलोबॅक्टर हा त्यातला पहिला. त्याला वाढायला कोंबडीच्या किंवा माणसाच्या आतड्यातली ऊब लागते आणि ऑक्सिजन कमी लागतो. उघड्या बोर्डवर तो वाढत नाही, कोरड्या बोर्डवर तर मरून जातो. म्हणजे तसा नाजूकच. तरीही जगभरात जुलाबाच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते, कारण आजारी पडायला त्याच्या काही शे पेशी पुरतात आणि कच्च्या चिकनमधून गळणाऱ्या पाण्याच्या एका थेंबात तेवढ्या असू शकतात. ई. कोलाय ओ१५७ हा गुरांच्या आतड्यातून मांसावर येणारा जंतू त्याहूनही जहाल आहे. त्याच्या शंभराहून कमी पेशी पुरतात, आणि त्याचे विष लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकते.

कॅम्पिलोबॅक्टरचे नाव २०२५ च्या जानेवारीत मराठी वृत्तपत्रांतही झळकले. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकाएकी वाढले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हा जंतू सापडला. तिथे मुख्य संशय पाण्यावर होता, बोर्डवर नव्हे. पण या जंतूचा त्रास कधी कधी जुलाबावर थांबत नाही, क्वचित नसांपर्यंत जातो, हे त्या निमित्ताने अनेकांना प्रथमच कळले.

दोषी सापडत नाही त्याचे आणखी एक कारण आहे. कॅम्पिलोबॅक्टर पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात. रविवारी दुपारी चिकनच्या पाठोपाठ त्याच बोर्डवर काकडी चिरली, बुधवारी पोटात मुरडा आला, तर दोष मंगळवारच्या पाणीपुरीला जातो. बोर्ड तोवर चार वेळा धुऊन जागेवर गेलेला असतो.

कोणता रंग कशासाठी

ब्रिटनमधल्या किचनमध्ये रूढ झालेली रंगांची पद्धत भारतातल्या अनेक मोठ्या हॉटेलांतही थोड्याफार फरकाने दिसते. लाल बोर्ड कच्च्या मांसासाठी, निळा कच्च्या मासळीसाठी, पिवळा शिजलेल्या मांसासाठी. हिरवा सॅलड आणि फळांसाठी, तपकिरी मातीतून आलेल्या भाज्यांसाठी, पांढरा ब्रेड, चीज, पनीर अशा दूध आणि बेकरीच्या पदार्थांसाठी. अलीकडे जांभळ्याची भर पडली आहे. तो शेंगदाणे, गहू, तीळ अशा पदार्थांची ॲलर्जी असलेल्या ग्राहकासाठी राखून ठेवतात. जांभळ्याचे गणित इतरांपेक्षा वेगळे आहे. जंतू आचेने मरतात, शेंगदाण्याचा ॲलर्जी आणणारा अंश मात्र शिजवूनही नाहीसा होत नाही.

हे रंग कायद्याने ठरवलेले नाहीत. ब्रिटनमध्ये आणि युरोपात कायदा एवढेच म्हणतो की अन्न दूषित होण्यापासून वाचवा. भारतातही अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमांतली अनुसूची ४ कच्चे आणि तयार अन्न वेगळे ठेवण्यावर भर देते. ते लाल-हिरव्याने साधायचे की आणखी कशाने, हे हॉटेलने ठरवायचे. त्यामुळे एका ठिकाणचा रंग दुसऱ्या ठिकाणी तसाच असेल याची खात्री नसते.

यातला पिवळा रंग सर्वांत घातकी ठरू शकतो. ब्रिटिश पद्धतीत पिवळा म्हणजे शिजलेले मांस. अमेरिकेत सर्रास चालणाऱ्या पद्धतीत पिवळा म्हणजे कच्चे चिकन. दोन्हीकडे रंग एकच, पण अर्थ बरोबर उलटा. मुंबई-गोव्यातून कितीतरी स्वयंपाकी क्रूझ जहाजांवर आणि आखातातल्या हॉटेलांत नोकरीला जातात. एका ठिकाणी वर्षभर पिवळ्या बोर्डवर भाजलेले चिकन कापायची सवय झालेला कॉमी दुसऱ्या ठिकाणी रुजू झाला, तर त्याचा हात आपोआप पिवळ्याकडे जाणार, आणि नव्या ठिकाणी त्यावर थोड्या वेळापूर्वी कच्चे चिकन कापलेले असू शकते. म्हणून बोर्डच्या स्टँडशेजारी भिंतीवर रंगांचा तक्ता लागतो, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो वाचून दाखवणे हे शेफचे काम असते. जिथे तक्ताच नाही तिथे बोर्ड कितीही रंगीबेरंगी असोत, प्रत्येकजण आपल्या आधीच्या हॉटेलचे नियम चालवत असतो.

तपकिरी बोर्ड पाहून अनेकांना प्रश्न पडतो. भाजी ती भाजी, मग बटाट्याला आणि टोमॅटोला वेगळे बोर्ड कशाला? त्याचे उत्तर ब्रिटनमधल्या एका साथीत आहे. डिसेंबर २०१० ते जुलै २०११ या काळात तिथे ई. कोलाय ओ१५७ चे सुमारे २५० रुग्ण सापडले. त्यांतल्या ७४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. तपास करणाऱ्यांना आजारी घरांमध्ये एक समान धागा दिसला. त्या घरांत सुटे, मातीसकट आणलेले लीक आणि बटाटे हाताळले गेले होते. लीक ही कांद्याच्या कुळातली, जाड दांड्याची भाजी. लीक आणि बटाटे दोन्ही शिजवून खातात, म्हणजे खाताना ते निर्धोकच होते. संशय त्यांच्यावरच्या मातीवर गेला. भाजी धुताना, सोलताना, ठेवताना ती माती हाताला आणि ओट्याला लागते आणि तिथून इतर अन्नात जाते. शेणखत पडलेल्या शेतातल्या मातीत गुरांच्या आतड्यातले जंतू असू शकतात. मांस घरात न येताही क्रॉस कंटॅमिनेशन होऊ शकते, ते असे.

दोन रेघा, एक गोंधळ

आपल्याकडे रंगीत बोर्ड आले की त्यांना एक वेगळाच अर्थ चिकटतो. हिरवा म्हणजे व्हेज आणि लाल म्हणजे नॉनव्हेज. पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्याची सवय डोळ्यांना असतेच. मांसाहारासाठी वेगळी भांडी, वेगळी सुरी, कधी वेगळी शेगडीसुद्धा ठेवणारी घरे महाराष्ट्रात कमी नाहीत. शाकाहारी ग्राहकाच्या श्रद्धेसाठी हॉटेलने हे वेगळेपण पाळलेच पाहिजे. पण जंतूंना ही रेघ कळत नाही. त्यांच्या दृष्टीने खरी रेघ एकच आहे. पुढे आचेवर जाणारे अन्न एका बाजूला, थेट तोंडात जाणारे दुसऱ्या बाजूला.

या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे घोटाळा होतो. एखाद्या केटररच्या किचनमध्ये ‘व्हेज’ आणि ‘नॉनव्हेज’ असे दोनच बोर्ड आहेत असे समजा. सकाळी आठ वाजता नॉनव्हेज बोर्डवर कच्च्या चिकनचे तुकडे झाले. अकरा वाजता सँडविचसाठी उकडलेले चिकन त्याच बोर्डवर तंतू करून घेतले, कारण दोन्ही चिकनच. मधे बोर्ड नळाखाली धरून झटकला असेल. आता हे शिजलेले चिकन पुन्हा आचेवर जाणार नाही. त्यात मेयोनीज मिसळले जाईल आणि दुपारी दोनपर्यंत ते डब्यात राहील. इथे साल्मोनेला असेल तर त्याला वाढायला तीन तासही मिळाले. व्हेज-नॉनव्हेजचा नियम काटेकोर पाळला गेला आणि तरीही व्हायला नको तेच झाले.

व्हेज बोर्डवरही हाच प्रकार होतो. मातीच्या मुळांसकट आणलेली मेथी आणि पालक त्यावर चिरला, मग त्यावरच कोशिंबिरीची काकडी. भाजी शिजणार आहे, काकडी नाही. दोनच बोर्ड परवडत असतील, तर ते ‘शिजायचे’ आणि ‘शिजायचे नाही’ असे वाटून घेणे जास्त उपयोगाचे. शाकाहाराची रेघही पाळायची असेल तर तिसरा बोर्ड लागतो. पनीर, बटाटा, पालेभाजी एका बोर्डवर, कच्चे मांस-मासळी दुसऱ्यावर, आणि कांदा, लिंबू, काकडी, कोथिंबीर, फळे, ब्रेड तिसऱ्यावर. ज्या हॉटेलात तंदुरी चिकन कापून वाढतात, तिथे शिजलेल्या मांसासाठी चौथा.

कोकणी घरांत हाच प्रश्न विळीवर येतो. बांगडा किंवा सुरमई विळीवर कापली की पाणी आणि रक्त विळीच्या पाटावर ओघळते. बऱ्याच विळ्यांना पुढच्या टोकाला खवणी असते, आणि त्याच खवणीवर सोलकढीचा नारळ खवतात. माशाची आमटी उकळते. सोलकढी उकळत नाही, नारळाच्या कच्च्या रसात आगळ पडते की झाली. समुद्रातल्या मासळीवर व्हिब्रिओ कुळातले जंतू असू शकतात, म्हणून मासळीची विळी वेगळी ठेवण्याची अनेक घरांतली जुनी रीत वासापुरतीच कामाची नाही.

बोर्ड बरोबर, हात चुकला

आता सगळे रंग बरोबर असलेल्या किचनमध्ये एका कुकच्या हातांवर दोन मिनिटे नजर ठेवावी. तो लाल बोर्ड काढतो, सरकू नये म्हणून त्याखाली ओले फडके पसरतो, लाल मुठीची सुरी घेऊन चिकन कापतो. तुकडे पातेल्यात टाकतो. त्याच हाताने मिठाच्या डब्याचे झाकण उघडतो, तिखटाचा चमचा उचलतो, दह्यासाठी फ्रिजचे दार ओढतो. मग नळ सुरू करतो, हात साबणाने स्वच्छ धुतो आणि त्याच नळाची चावी बंद करतो. लाल बोर्ड धुवायला जातो, हिरवा बोर्ड येतो आणि त्याच ओल्या फडक्यावर बसतो. उरलेला ओटा त्या फडक्याच्या टोकाने पुसला जातो.

तपासणीला आलेल्या माणसाला इथे लाल बोर्डवर चिकन आणि हिरव्यावर काकडी दिसेल, आणि तक्त्याप्रमाणे सगळे ठीक ठरेल. पण जंतू मिठाच्या झाकणावर, फ्रिजच्या मुठीवर, नळाच्या चावीवर आणि सर्वांत जास्त त्या फडक्यात आहेत. फडके ओले असते, कोमट किचनमध्ये दिवसभर राहते आणि बोर्डवरून ओघळलेले सगळे पाणी शोषून घेते. म्हणून चांगल्या किचनमध्ये बोर्डखाली फडक्याऐवजी धुता येणारी रबरी जाळी किंवा एकदाच वापरायचा ओला टिश्यू घालतात, मसाला आणि मीठ आधीच वाटीत काढून ठेवतात, आणि नळ कोपराने किंवा पायाने चालणारा बसवतात.

हातांच्या चुका किती होतात याचे मोजमाप अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ साली जाहीर केले. साध्या ग्राहकांना एका प्रयोगासाठीच्या किचनमध्ये चिकन आणि सॅलड बनवायला सांगितले. चिकनवर एक निरुपद्रवी, पण नंतर ओळखता येईल असा जंतू आधीच लावलेला होता. ज्यांनी चिकन नळाखाली धुतले, त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो जंतू सापडला. सिंक साफ केल्यानंतरही १४ टक्के जणांच्या सिंकमध्ये तो उरला होता. २६ टक्के जणांच्या सॅलडच्या पानांपर्यंत तो पोचला. आता खरी गंमत पुढे आहे. ज्यांनी चिकन धुतलेच नाही, त्यांच्यातही ३१ टक्के जणांच्या सॅलडमध्ये तो निघालाच. अर्थात तो सिंकच्या वाटेने आला नव्हता, हात नीट न धुतल्याने आणि भांडी, ओटा न पुसल्याने आला होता.

अमेरिकेतली आणि ब्रिटनमधली अन्नसुरक्षा खाती चिकन धुऊच नका असे सांगतात, कारण उडणारे तुषार शेजारच्या भांड्यांवर आणि ओट्यावर पडतात, आणि पाण्याने जंतू मरत तर नाहीतच. आपल्याकडे बाजारातून आलेले चिकन न धुता पातेल्यात टाकणे बहुतेकांना जमणार नाही. मग निदान धारेखाली धरू नये. पातेल्यात पाणी घेऊन त्यात चिकन हलक्या हाताने बुडवावे, पाणी अगदी खालून मोरीत सोडावे, आणि सिंकजवळ धुतलेली भांडी किंवा कापलेले सॅलड नसावे. मग सिंक आणि नळ साबणाने घासावेत, आणि हात पुन्हा वीस सेकंद.

वेल्समधले मशीन

रंगांची मर्यादा सर्वांत कडू शब्दांत समजली ती वेल्समध्ये. सप्टेंबर २००५ मध्ये दक्षिण वेल्सच्या शाळांमधली मुले ई. कोलाय ओ१५७ ने आजारी पडू लागली. एकूण १५७ रुग्ण, ४४ शाळा, ३१ जण रुग्णालयात. पाच वर्षांचा एक मुलगा ऑक्टोबरमध्ये गेला. शाळांच्या जेवणात शिजवलेले, काप केलेले मांस येत होते, म्हणजे मुलांना कच्चे कोणी वाढलेच नव्हते. माग ब्रिजेंडमधल्या एका मांस पुरवठादाराच्या कारखान्यापर्यंत गेला. तिथे कच्चे मांस आणि शिजवलेले मांस एकाच व्हॅक्यूम पॅकिंग मशीनमधून पाकिटात बंद होत होते.

असे मशीन पुसून स्वच्छ होत नाही. हवा ओढण्याच्या फटी, सील करणारी पट्टी, झाकणाच्या रबरी कडा, बिजागऱ्या, सगळीकडे मांसाचा रस शिरतो आणि स्क्रू सोडवल्याशिवाय तिथे ब्रश पोचत नाही. २००७ मध्ये मालकाला एक वर्षाची कैद झाली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ह्यू पेनिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा अहवाल २००९ मध्ये आला, आणि त्यानंतर २०११ मध्ये ब्रिटनच्या अन्न खात्याने मार्गदर्शन काढले की व्हॅक्यूम पॅकर, स्लायसर, खिमा करण्याचे मशीन अशी गुंतागुंतीची यंत्रे कच्च्या आणि तयार अन्नासाठी एकच वापरू नयेत, मधे कितीही साफ केली तरी.

आपल्याकडच्या किचनमध्ये याचा अर्थ सरळ आहे. दहा रंगांचे बोर्ड घेतले आणि मिक्सरचे भांडे एकच ठेवले, त्यात सकाळी खिमा वाटला आणि दुपारी हिरवी चटणी, तर पात्याच्या खालच्या रबरी वॉशरमध्ये उरलेला खिमा चटणीत येईल. वजनकाटा एकच असेल तर त्याची ताटली आणि बटणे तपासावीत. बोर्ड हा वाटेतला फक्त एक थांबा आहे.

घासणे, उकळणे, टाकून देणे

लाकूड बरे की प्लास्टिक, हा वाद जुना आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत लाकडाने आश्चर्य दाखवले. लाकूड जंतूंना पाण्याबरोबर आत ओढून घेते, पृष्ठभाग कोरडा होतो आणि आतले जंतू बहुतेक मरतात. नवे प्लास्टिक सहज स्वच्छ होते, पण सुरीच्या खाचा पडलेले प्लास्टिक हाताने घासून नीट स्वच्छ होत नाही, कारण खाचांत जंतू दडतात. तरीही हॉटेलांत पॉलिएथिलीनचेच बोर्ड वापरतात. ते मशीनमध्ये गरम पाण्याने धुता येतात, आणि रंग त्यांच्या अंगात असतो, वर लावलेला नसतो.

बोर्ड धुण्याचे दोन टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम उलटा चालत नाही. आधी गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रशने चरबी आणि रस पूर्ण काढायचा. त्यानंतर जंतुनाशक. चरबी असताना वर क्लोरीन ओतले तर ते चरबीशीच झुंजून संपते आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. घरी पाच टक्क्यांचे साधे, सुगंध नसलेले ब्लीच असेल, तर एक लिटर पाण्यात २ मिली, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडे कमी, पुरते. त्याने क्लोरीनचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे शंभर होते. बोर्ड दोन मिनिटे त्याने ओला राहू द्यावा, पाण्याने धुवावा, आणि फडक्याने न पुसता उभा ठेवून वाळवावा. ओले बोर्ड एकावर एक रचले तर मधली ओल दिवसभर राहते. ब्लीच कधीही दुसऱ्या क्लीनरमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नये, विषारी वायू निघतो.

ज्या घरात बोर्ड एकच आहे, तिथे रंगाचे काम क्रमाने होते. आधी कांदा, लिंबू, काकडी, कोथिंबीर चिरून झाकून बाजूला ठेवावी. मग शिजायची भाजी. सर्वांत शेवटी मांस किंवा मासळी. बोर्ड उलटून दुसरी बाजू वापरणे हा उपाय नव्हे. मांसाचे पाणी कडेवरून खाली ओघळून ओट्याला आणि तिथून बोर्डच्या दुसऱ्या बाजूला लागलेले असते.

बोर्ड केव्हा बाद करायचा हे नखाने कळते. धुतलेल्या कोरड्या बोर्डवरून नख आडवे फिरवावे. ते खाचांत अडकत असेल, किंवा ब्रशने घासूनही खाचांत काळपट रेघा उरत असतील, तर बोर्डचा थर रंधून काढावा लागतो किंवा तो बदलावा लागतो. हॉटेलांत पहिला झिजतो तो लाल, कारण त्यावर हाडे तोडली जातात. बाद झालेला बोर्ड किचनबाहेर जायला हवा. नाहीतर काही दिवसांनी तो गरम पातेल्याखाली आडणी म्हणून ओट्यावर परत येतो, आणि घाईच्या वेळी कोणीतरी त्यावर लिंबू कापून मोकळे होते.